कायसचं एक जहाज, सेम्प्रोनियसची दोन

कायस हा सेंट पीटर्सबर्गचा व्यापारी. त्याने ॲमस्टरडॅममध्ये माल घेऊन ठेवलाय. तो माल पीटर्सबर्गला पोचला तर त्याचे 10,000 रूबल होतील, पण मध्ये समुद्र आहे. वर्षाच्या या दिवसांत त्या मार्गावरच्या 100 जहाजांपैकी सरासरी 5 बुडतात. विमा उतरवायचा तर 800 रूबलच्या खाली कुणीच तयार नाही, आणि कायसला हा आकडा सरळसरळ लूट वाटतो. त्याचं म्हणणं चुकीचंही नाही. शंभरात पाच म्हणजे वीस फेऱ्यांत एकदा 10,000 बुडणार, म्हणजे फेरीमागे सरासरी 500. मग वरचे 300 कशाचे? कायसने विमा घ्यावा की नाही?

कायस खरा नाही. डॅनियल बर्नुली या गणितज्ञाने 1738 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या विज्ञान अकादमीच्या ग्रंथमालेत एक लॅटिन निबंध छापला, त्यातलं हे पात्र आहे. आपल्या गणिताच्या पुस्तकांत राम आणि श्याम येतात तसा तो येतो आणि जातो. पण माणसं विमा का घेतात आणि सगळी बचत एका ठिकाणी का ठेवत नाहीत, या दोन्ही प्रश्नांची उत्तरं याच निबंधात, दोन छोट्या उदाहरणांत दिलेली आहेत. आजही त्याहून सोपी उदाहरणं मला माहीत नाहीत, म्हणून तीच घेऊन बसू या.

आधी बर्नुलीला हा प्रश्न का पडला ते बघू. त्याचा चुलतभाऊ निकोलस बर्नुली याने 1713 मध्ये एका पत्रात एक कोडं घातलं होतं. बर्नुलीने ते नाण्यावर असं मांडलं: नाणं उडवत राहायचं. पहिल्याच वेळी छापा आला तर एक मोहर मिळते, दुसऱ्या वेळी आला तर दोन, तिसऱ्या वेळी चार, दर वेळी दुप्पट. या खेळात बसायला तुम्ही किती द्याल? सरासरी काढायला गेलं तर बेरीज संपतच नाही, ती अनंत होते. म्हणजे सरासरीच्या हिशेबाने घरदार विकून या खेळात बसायला हवं. प्रत्यक्षात कुणीही शहाणा माणूस वीस मोहरासुद्धा द्यायला कचरतो. तेव्हा एकतर सगळे शहाणे चुकतात, नाहीतर सरासरीच चुकते. बर्नुलीने दोष सरासरीला दिला.

त्याचं म्हणणं असं की पैसा मोजायचा तो नाण्यांच्या संख्येत नाही, त्या नाण्यांचा त्या माणसाला किती उपयोग होतो त्यात. अर्थशास्त्रात याला उपयोगिता म्हणतात. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला मिळालेले 100 आणि ज्याची तिजोरी भरलेली आहे त्याला मिळालेले 100 हे सारखे नव्हेत, हे कुणालाही पटतं. बर्नुलीने त्यापुढे जाऊन एक ठोस नियम मांडला: पैसा ज्या पटीत वाढतो, त्यावर समाधान ठरतं. 100 चे 200 झाले काय किंवा 10,000 चे 20,000 झाले काय, दोन्ही दुप्पटच, म्हणून समाधानातली वाढही तेवढीच. ज्यांना गणिताची भाषा सोपी वाटते त्यांनी याला लॉगॅरिदम म्हणावं. बाकीच्यांना 'पट महत्त्वाची, फरक नाही' एवढं पुरे.

या एका नियमातून काय निघतं ते हाताने करून बघू. तुमच्याकडे 100 आहेत. कुणी म्हणालं, नाणं उडवू, छापा आला तर 50 घे, काटा आला तर 50 दे. सरासरी बघितली तर सौदा बरोबरीचा आहे. पण हरलात तर तुमचे 100 चे 50 होतात, म्हणजे निम्मे. जिंकलात तर 150, म्हणजे दीडपट. निम्म्यावर येण्याची भरपाई दीडपटीने होत नाही, दुपटीनेच होते. म्हणून 50 हरण्याच्या शक्यतेसमोर 50 नव्हे, 100 जिंकण्याची शक्यता ठेवली तरच पारडी सम होतात. वाचणाऱ्याला इथे कुणी भित्रा किंवा धाडसी दिसला का? नाही ना? या माणसाला जोखमीची भीती म्हणून वेगळी काही वाटत नाही. वरच्या पैशापेक्षा तळाचा पैसा त्याच्या जास्त कामाचा आहे, इतकंच. जोखीम टाळण्याची वृत्ती म्हणतात ती या सिद्धांतात स्वभावातून येत नाही, दर पुढच्या नाण्यागणिक उतरत जाणाऱ्या उपयोगितेतून येते.

मग अशा अनिश्चित सौद्याची किंमत काढायची कशी? नेहमीच्या सरासरीत आपण आकडे बेरजेने मिसळतो. जिथे पट महत्त्वाची, तिथे ते गुणाकाराने मिसळायचे. 150 आणि 50 ची नेहमीची सरासरी 100. गुणाकाराची सरासरी म्हणजे 150 गुणिले 50 याचं वर्गमूळ, ते येतं सुमारे 86.6. अर्थ असा की हा जुगार मानेवर घेऊन बसणं आणि खात्रीने 86.6 खिशात असणं या दोन्हींची किंमत तुमच्या लेखी सारखीच. मघाशी 100 होते. 13 आणि थोडं वर, इतकी किंमत त्या अनिश्चिततेने खाल्ली. सौद्यातल्या वेगवेगळ्या शक्यतांची उपयोगिता अशी शक्यतेच्या प्रमाणात मिसळली की जे मिळतं त्याला अपेक्षित उपयोगिता म्हणतात.

आता कायसकडे परत जाऊ. त्याच्याकडे या मालाखेरीज घरी 3,000 रूबल आहेत असं धरू. विमा घेतला तर हिशेब सरळ आहे. जहाज येवो न येवो, त्याच्याकडे 3,000 अधिक 10,000 उणे 800, म्हणजे 12,200 राहणार. विमा नाही घेतला तर 95 टक्के शक्यता 13,000 ची आणि 5 टक्के 3,000 ची. दोन्ही शक्यता सारख्या नसल्याने वर्गमूळ चालत नाही, प्रत्येक आकड्याला त्याच्या शक्यतेचा घात द्यावा लागतो:

```
13000^0.95 × 3000^0.05 ≈ 12081
```

विम्याशिवायचा सौदा त्याच्या लेखी खात्रीच्या 12,081 रूबलइतका, आणि विम्यासकट 12,200. म्हणजे 800 चा हप्ता कितीही खुपला तरी तो भरण्यात कायसचा 119 चा फायदा आहे. 13,000 मधून 12,081 वजा केले की हेही कळतं की 919 पर्यंत हप्ता मागितला असता तरी भरणं शहाणपणाचं ठरलं असतं. त्यातले 500 सरासरी नुकसानाचे, उरलेले 419 अनिश्चिततेचे.

पण कायसच्या घरी 50,000 असते तर? तेव्हा जहाज बुडालं तरी 60,000 चे 50,000 होतात, म्हणजे सहावा हिस्सा जातो. हाच हिशेब केला तर त्याने जास्तीत जास्त 544 द्यावेत असं येतं. 800 मागणाऱ्याला त्याने नम्रपणे नाही म्हणावं. उलट घरी फक्त 1,000 असतील तर 1,243 दिले तरी चालतील, जरी सरासरी नुकसान तेच 500 असलं तरी. जहाज तेच, समुद्र तोच, बुडण्याची शक्यता तीच. बदलते ती फक्त थैली. म्हणून 'हा विमा महाग आहे का' या प्रश्नाला नुसत्या हप्त्याकडे बघून उत्तर देता येत नाही. बुडाल्यावर हातात काय उरतं, ते आधी विचारायला लागतं.

सीमारेषा कुठे येते ते बर्नुलीने काढून ठेवलंय: 5,043 रूबल. मालाखेरीज तेवढे असतील तर विमा घेणं-न घेणं सारखंच, त्याहून कमी असतील तर घ्यावा, जास्त असतील तर घेऊ नये.

मग तो दुसरा माणूस, 800 घेऊन 10,000 ची जबाबदारी डोक्यावर घेणारा, तो काय विचार करतो? त्याच्याकडे किती पैसे असले म्हणजे हा सौदा त्याला परवडतो? बर्नुलीचं उत्तर आहे 14,243. पहिल्यांदा वाचताना हा आकडा कुठून तरी आकाशातून पडल्यासारखा वाटतो. पण तो 5,043 अधिक 9,200 आहे, आणि त्यामागे एक मजा आहे. विमेकऱ्याकडे 14,243 आहेत. जहाज पोचलं तर 800 मिळून 15,043 होतात. बुडालं तर 800 घेऊन 10,000 द्यायचे, उरतात 5,043. आणि 5,043 बाळगणाऱ्या विनाविमा कायससमोर कोणत्या दोन शक्यता होत्या? 15,043 आणि 5,043. अगदी त्याच! कायस जो जुगार सोडतोय, नेमका तोच जुगार विमेकरी उचलतोय. त्या रेषेवर दोघांनाही सौदा करणं-न करणं सारखं. कायस रेषेपेक्षा गरीब आणि विमेकरी रेषेपेक्षा श्रीमंत असला की त्याच 800 च्या आकड्यावर दोघांचाही फायदा होतो. कुणी कुणाला फसवलेलं नसतं.

समजा विमेकऱ्याकडे 2,00,000 आहेत. मग त्याला 512 च्या आसपास मिळाले तरी पुरतात, कारण 10,000 चा फटका त्याच्या दृष्टीने विसाव्या हिश्शाचा. घरी 3,000 असलेला कायस 919 पर्यंत तयार. 512 ते 919 या पट्ट्यातला कुठलाही हप्ता दोघांनाही चालतो, आणि विमेकऱ्याचा कारभाराचा खर्च व नफा याच पट्ट्यातून निघतो. तेव्हा कायसला खुपणारे वरचे 300 म्हणजे मोठा फटका लहान थैलीवरून उचलून मोठ्या थैलीवर ठेवण्याची मजुरी. ती जास्त असू शकते, त्यासाठी घासाघीस करावीच, पण ती शून्य व्हावी ही अपेक्षा धरता येत नाही.

याच हिशेबाची दुसरी बाजूही बघून ठेवावी. नुकसान लहान असेल तर ही मजुरी द्यायचं कारण उरत नाही. 50,000 बाळगणाऱ्या माणसाची 500 किमतीची एखादी वस्तू बिघडण्याची शक्यता 5 टक्के आहे. सरासरी नुकसान 25. बर्नुलीच्या नियमाने तो विम्यासाठी जास्तीत जास्त किती देईल? 25.12. म्हणजे सरासरीच्या वर जवळजवळ काहीच नाही. तरीही वस्तू विकत घेताना गल्ल्यावर जादा वॉरंटी मागे लागते आणि लोक 40-50 देऊन ती घेतातही. विमा कंपनी 'पहिली इतकी रक्कम तुम्ही सोसा, वरची आम्ही देऊ' असं म्हणते तेव्हा अनेकांना ती चलाखी वाटते. पण लहान फटके स्वतः सोसून मोठ्यांचाच विमा घेणं, आणि त्या बदल्यात हप्ता कमी करून घेणं, हे या गणितातून सरळ निघतं. मी तर म्हणेन की विम्याच्या बाबतीत सामान्य माणसाची सर्वांत नेहमीची चूक हीच असते: छोट्या वस्तूंचा विमा असतो, आणि ज्याच्या कमाईवर घर चालतं त्याचा नसतो.

आता सेम्प्रोनियस. बर्नुलीचं हे दुसरं पात्र. त्याच्याकडे घरी 4,000 डुकाट आहेत आणि परदेशात 8,000 डुकाटांचा माल आहे, जो समुद्रमार्गानेच आणायचा आहे. इथे धोका दुप्पट, दहात एक जहाज बुडतं. विमेकरी कुणी नाही. सेम्प्रोनियसच्या हातात एकच गोष्ट आहे: सगळा माल एका जहाजावर लादायचा की निम्मा-निम्मा दोन जहाजांवर.

सरासरी काढली तर फरकच पडत नाही. एक जहाज असो की दोन, 8,000 चे दहा टक्के बुडणार, 7,200 पोचणार. सरासरीवर विसंबणारा म्हणेल, मग उगाच दोन कप्तानांशी बोलणी कशाला? पण गुणाकाराची सरासरी काढून त्यातून घरचे 4,000 वजा केले तर एका जहाजावरच्या मालाची किंमत सेम्प्रोनियसच्या लेखी 6,751 येते आणि दोन जहाजांवरच्या मालाची 7,033. एक पोतंही वाढवलेलं नाही, धोका तसूभर कमी केलेला नाही, तरी त्याला 282 डुकाट मिळाल्यासारखे आहेत. कसे? एका जहाजात 10 टक्के शक्यता होती की तो थेट 4,000 वर येईल. दोन जहाजांत तसं व्हायला दोन्ही बुडायला हवीत, आणि तशी शक्यता दहाव्याचा दहावा हिस्सा, म्हणजे 1 टक्का. त्याऐवजी 18 टक्के शक्यता अशी तयार झाली की एक बुडेल, एक येईल आणि हातात 8,000 असतील. वरचं टोकही थोडं घसरलं आहे: सगळा माल सुखरूप येण्याची शक्यता 90 वरून 81 टक्क्यांवर आली. पण वरच्या टोकाचा पैसा स्वस्त आणि तळाचा महाग, म्हणून ही अदलाबदल फायद्याची.

चार जहाजं केली तर 7,128 येतात. एकावरून दोनवर जाताना 282 वाढले, दोनवरून चारवर जाताना 95. जहाजं कितीही वाढवली तरी 7,200 च्या पुढे आकडा जाणार नाही, कारण सरासरी नुकसान कुठेही पळून जात नाही, फक्त अनिश्चिततेची किंमत वाचते. बचत विभागून ठेवण्याचंही हेच आहे, ज्याला विविधीकरण असं भारदस्त नाव आहे. पहिल्या काही वाटण्यांत बहुतेक फायदा पदरात पडतो. चाळीस जागी पैसे टाकून चाळीस कागद सांभाळणाऱ्याला दहा ठिकाणी ठेवणाऱ्यापेक्षा फार काही जास्त मिळत नाही, डोकेदुखी मात्र मिळते.

या हिशेबात एक गोष्ट मी गुपचूप गृहीत धरली. दोन्ही जहाजं एकमेकांशी संबंध नसल्यासारखी बुडतात असं मानलं, म्हणून दहाव्याचा दहावा हिस्सा करता आला. पण ती एकाच दिवशी, एकाच ताफ्यात निघाली तर? वादळ एकाला गाठेल तेव्हा दुसऱ्यालाही गाठेल. बुडाली तर दोन्ही, तरली तर दोन्ही, अशी अवस्था असेल तर दोन जहाजं ही कागदावरच दोन. किंमत परत 6,751. समजा नातं तेवढं घट्ट नाही, एक बुडालं तर दुसरं बुडण्याची शक्यता निम्मी आहे. मग दोन्ही जाण्याची शक्यता 1 वरून 5 टक्क्यांवर जाते आणि किंमत 6,907 येते. फायदा 282 होता, तो 156 उरला. तेव्हा जहाजं किती आहेत हे मोजून काही कळत नाही, ती कोणत्या वादळात सापडतील हे बघायचं.

बचतीत ही गफलत फार सहज होते. पाच वेगवेगळ्या नावांचे फंड घेतले, आत बघितलं तर पाचांतही त्याच मोठ्या कंपन्यांचे शेअर. आणि सर्वांत वाईट ताफा म्हणजे पगार जिथून येतो त्याच कंपनीत निवृत्तीची पुंजी. अमेरिकेतली एन्रॉन कंपनी 2001 च्या शेवटी दिवाळखोरीत गेली. त्याच्या वर्षभर आधी तिच्या कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती खात्यांतला निम्म्याहून अधिक पैसा एन्रॉनच्याच शेअरमध्ये होता. नोकरी आणि पुंजी एकाच वादळात गेली. ओळखायची सोपी पद्धत अशी: आपल्या प्रत्येक ठेवीसमोर, आणि पगारासमोरही, 'हे कशामुळे बुडेल' ते लिहायचं. दोन ओळींत एकच कारण आलं तर ती दोन जहाजं नव्हेत.

बर्नुलीचा नियम म्हणजे निसर्गनियम नाही, हेही सांगायला हवं. 'पट महत्त्वाची' हे त्याने गृहीत धरलं. गाब्रिएल क्रामर या दुसऱ्या गणितज्ञाने त्याच्या दहा वर्षं आधी, 1728 मध्ये, लॉगॅरिदमऐवजी वर्गमूळ घेऊन तेच कोडं सोडवलं होतं, आणि वर्गमूळ घेतलं तर आपले सगळे आकडे बदलतात. दिशा बदलत नाही. यापेक्षा गंभीर आक्षेप मॅथ्यू रॅबिन या अर्थशास्त्रज्ञाने 2000 मध्ये घेतला. '100 गमवा किंवा 110 मिळवा' असा नाणेफेकीचा सौदा बरेच लोक नाकारतात. रॅबिनने दाखवलं की कितीही संपत्ती असताना हा सौदा नाकारणारा माणूस जर अपेक्षित उपयोगितेनुसार चालत असेल, तर त्याने '1,000 गमवा किंवा वाटेल तेवढे मिळवा' हाही सौदा नाकारायला हवा. असा माणूस कुणी पाहिलेला नाही. म्हणजे छोट्या रकमांना घाबरण्यामागे उपयोगितेचा उतार नसून दुसरंच काही असतं. नुसतं गमावणंच माणसाला झोंबतं. वॉरंटीचं गिऱ्हाईक तिथे सापडतं. मोठ्या फटक्यांच्या बाबतीत मात्र, जिथे घर किंवा पुंजीचा मोठा हिस्सा पणाला असतो, तिथे कायसचा हिशेब अजून टिकून आहे.

आणि तो विमेकरी? कायसला वाटतं की आपली काळजी त्याच्याकडे गेली आणि संपली. पण विमेकरी म्हणजे तरी कोण, शंभर जहाजांत थोडी थोडी भागीदारी असलेला सेम्प्रोनियसच. शंभरात पाच ही सरासरी झाली. ज्या वर्षी एकच वादळ सगळ्या मार्गावर आडवं येतं त्या वर्षी शंभरात वीस बुडतात, आणि तेव्हा त्याची शंभर जहाजं एका जहाजासारखी वागतात. म्हणून तोही आपल्या अंगावरच्या जबाबदारीचा काही भाग दुसऱ्या, दूरच्या समुद्रावरच्या विमेकऱ्याला हप्ता भरून देतो. त्याला पुनर्विमा म्हणतात, आणि त्याचा हप्ता बघून हा विमेकरीही तक्रार करतो की सरासरी नुकसान तर याच्यापेक्षा कितीतरी कमी आहे.